गर्भपातानंतर किंवा तांबी काढल्यावर दिवस किती लवकर राहू शकतात?

आत्ता हेडफोन हाताशी नाही म्हणून वाचत असाल, तर हा आजच्या भागाचा मजकूर. मी अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आपल्याकडे दोन व्हॉइस नोट आल्या होत्या. पहिली एका नवऱ्याची. बायकोनं दवाखान्यात गोळ्या घेऊन गर्भपात केला, अजून पाळी आलेली नाही, म्हणून त्याचं म्हणणं, "पाळीच नाही आली तं आता कशाची काळजी?" दुसरी एका ताईची. तांबी काढून तीन महिने झाले, दिवस राहिले नाहीत, आणि घरात सुरू झालंय की तांबीनं पिशवी सुकली. एकाला वाटतंय की आता काही होणारच नाही, दुसरीला भीती वाटतेय की आता कधीच होणार नाही. गंमत म्हणजे दोघांचा घोळ एकच आहे. शरीराचं घड्याळ कधी सुरू होतं, हे आपण पाळीवरून मोजतो. ते मोजायचं असतं बीजावरून.

आधी गर्भपाताचं बघू, कारण तिथे चूक झाली तर ती पंधरा दिवसांत अंगावर येते.

पाळी म्हणजे महिन्याची सुरुवात, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण नीट बघितलं तर पाळी हा शेवट आहे. अंडाशयातून आधी बीज बाहेर पडतं. ते फळलं नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे पाळी आली याचा अर्थ बीज येऊन गेलं. आता गर्भपातानंतरची पहिली पाळी घ्या. ती येण्याआधी एक बीज बहुतेक वेळा येऊन गेलेलं असतं. त्या दिवसांत संबंध आला आणि कुठलंही साधन वापरलं नसेल, तर पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात.

हे इतक्या लवकर कसं होतं? दिवस गेलेले असताना शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होत असतं. घरी लघवीची तपासणी करतो ना, त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळेच. गरोदरपणातली संप्रेरकं मेंदूला सांगत असतात की सध्या नवीन बीज नको. गर्भपात झाला की ती भराभर उतरायला लागतात, मेंदूवरचा दाब सुटतो आणि अंडाशय पुन्हा कामाला लागतं. गोळ्यांनी केलेल्या लवकरच्या गर्भपातानंतर हे मोजून पाहिलेलं आहे. सगळ्यात लवकर बीज आलं ते आठव्या दिवशी, आणि सरासरी निघाली वीस-एकवीस दिवसांची. आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातानंतर दहाव्या दिवसापासून धोका धरा असंच सांगतात. चौथ्या महिन्यापासून पुढचा गर्भपात असेल तर तिथे साधारण चार आठवडे धरतात.

नुसते आकडे ऐकून डोक्यात राहत नाहीत, म्हणून एक उदाहरण तारखा लावून बघू. हे उदाहरण मी रचलेलं आहे, कुणाचं खरं नाही.

समजा मालेगाव तालुक्यातली एक बाई आहे. वय २६, पहिलं लेकरू दीड वर्षाचं. सात आठवड्यांचे दिवस गेलेत आणि तिला ते ठेवायचे नाहीत. दवाखान्यात तपासणी होऊन सोमवारी १ जूनला तिला पहिली गोळी मिळते. बुधवारी ३ जूनला दुसऱ्या औषधाच्या गोळ्या. त्याच दिवशी काही तासांत पोटात कळा येतात, रक्तस्राव होतो, गर्भ पडतो. मग अंगावरून थोडंथोडं जाणं १३-१४ जूनपर्यंत चालू राहतं. हे नेहमीचंच आहे, नऊ ते सोळा दिवस असं चालतं. १५ जूनला तिला पुन्हा तपासायला बोलावलेलं आहे.

आता बीजाचं घड्याळ लावा. आठवा दिवस म्हणजे ८ जून. तिचं अंगावरून जाणं अजून थांबलेलंसुद्धा नाही, आणि शक्यता सुरू झाली! बहुतेक बायकांच्या बाबतीत बीज येईल ते २० जूनच्या आगेमागे. पाळी येणार त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतं, हे त्यात धरा. १६ जूनला संबंध आला आणि २० ला बीज आलं, तरी दिवस राहू शकतात. "जुलैत पाळी आली की मग काहीतरी वापरू" असं या जोडप्यानं ठरवलं, तर ते संपूर्ण जून महिना उघड्यावर आहेत. पेरणीच्या धांदलीत जुलैची तारीख टळली तर आठवणारही नाही, आणि ऑगस्टमध्ये कळेल की पुन्हा तेच.

म्हणून त्या दादांना उत्तर असं, की पाळीची वाट बघायची नाही. निरोध पहिल्या संबंधापासून वापरायचा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या त्याच दिवसांत सुरू करता येतात, तेव्हाच डॉक्टरांना विचारा. तांबी बसवायची असेल तर गर्भ पूर्ण पडलाय याची खात्री झाल्यावर, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ जूनला. पिशवी साफ करून गर्भपात केला असेल, ज्याला लोक क्युरेटिंग म्हणतात, तर जंतुसंसर्ग नसल्यास तांबी लगेच त्याच वेळी बसते, किंवा बारा दिवसांच्या आत.

इथे एक फसवी गोष्ट आहे ती सांगते, कारण यावरून रात्री दोन वाजता घाबरलेले मेसेज येतात. गर्भपातानंतर कुणीतरी घरी पट्टीवर तपासणी करतं आणि दोन रेघा येतात. लगेच प्रश्न, की पुन्हा राहिलं की पडलंच नाही? दोन्ही नसू शकतं. एचसीजी उतरायला वेळ लागतो, आणि दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त, पट्टी दोन रेघा दाखवू शकते. रेघ फिकट आहे की गडद, यावरून काही ठरवू नका. ठरवायचं तर दोनच गोष्टींवरून. रक्तातलं एचसीजी काही दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. उतरत असेल तर जुनंच आहे, चढत असेल तर नवीन आहे किंवा आधीचं टिकलंय. नाहीतर सरळ सोनोग्राफी. १५ व्या दिवशीची ती भेट असते ती याचसाठी, आणि नेमकी तीच लोक टाळतात. पोट दुखायचं थांबलं, अंगावरून जायचं थांबलं, आता परत कशाला भाड्याचे पैसे घालायचे असं वाटतं. मला ते कळतं. पण पुढे मूल हवं असेल तर सगळ्यात महत्त्वाची खेप तीच आहे.

का ते सांगते. नीट झालेल्या गर्भपातानं वांझपण येत नाही. "आधी पाडलं ना, म्हणून आता होत नाही" हे वाक्य आपल्याकडे बाईला आयुष्यभर ऐकवतात, आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं. खरं नुकसान होतं ते तीन वाटांनी. गर्भाचा तुकडा आत राहिला, त्यात जंतू झाले आणि ते नळ्यांपर्यंत चढले, ही एक वाट. दुसरी, कुणा अप्रशिक्षित माणसाकडून काहीतरी करून घेतलं. आणि तिसरी थोडी कमी माहीत असलेली. धारदार उपकरणानं पिशवी जोरात किंवा वारंवार खरवडली, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटना धारदार खरवडणं नकोच म्हणते. गोळ्या, नाहीतर हवेच्या दाबानं ओढून पिशवी रिकामी करणं, हे दोन सुरक्षित मार्ग.

यातलं काही बिघडतंय हे कसं ओळखायचं? दोन तास सलग, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, तर थांबू नका, तडक दवाखाना. एका दिवसाहून जास्त ताप, घाण वास येणारा स्राव, वाढत जाणारं पोटदुखणं, ही जंतुसंसर्गाची लक्षणं. आणि आठ आठवडे उलटले, पट्टी एकच रेघ दाखवतेय, तरी पाळी नाही, किंवा पाळीच्या वेळी पोट दुखतं पण अंगावरून अगदीच नाममात्र जातं, तर पिशवी आतून चिकटली का ते बघून घ्यायला हवं. त्यावर उपचार आहे. लवकर कळलं तर सोपा पडतो.

मूल हवंच असेल तर गर्भपातानंतर किती थांबायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली सांगितलं की किमान सहा महिने. आपल्याकडेही तेच सांगतात. पण मोकळेपणी बोलायचं तर त्या सहा महिन्यांमागचा पुरावा फार भक्कम नव्हता. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः आपोआप गर्भ पडलेल्या बायकांमध्ये, सहा महिन्यांच्या आत दिवस राहिले तरी बाळं छानच निघाली. त्यामुळे चौथ्या महिन्यात राहिलं तर घाबरून पाडायचं काही कारण नाही. थांबायचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे, ते म्हणजे रक्त. गर्भपातात रक्त जातं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका आधीच ॲनिमियाच्या कडेला असतात. हिमोग्लोबिन तपासा, ते भरून निघू द्या, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करा आणि मग प्रयत्न करा. आधीचं लेकरू खूप लहान असेल किंवा सिझेरियन झालेलं असेल तर मात्र डॉक्टर जास्त थांबायला सांगतील, आणि ते ऐकण्यासारखं आहे.

आता त्या ताईची तांबी.

तांबी म्हणजे कॉपर टी. इंग्रजी टी अक्षरासारखी प्लॅस्टिकची काडी, तिच्याभोवती तांब्याची तार. सरकारी दवाखान्यात दोन मिळतात. ३८० ए नावाची दहा वर्षं चालते आणि ३७५ नावाची पाच वर्षं. ती पिशवीत बसते आणि तिथेच काम करते. तांब्याचे कण पुरुषबीजाला निकामी करतात. अंडाशयाला तिचा पत्ताच नसतो. म्हणजे तांबी असतानाही दर महिन्याला बीज येतच होतं, पाळीही येतच होती. मग काढल्यावर "परत" यायचं असं काही उरतच नाही! तांबी निघाली की अडथळा गेला, त्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

इतकंच काय, काढायच्या आधीच्या संबंधातूनही राहू शकतात. पुन्हा ते पाच दिवस. शनिवारी संबंध आला, मंगळवारी तांबी काढली, बुधवारी बीज आलं, तर पुरुषबीज तिथे वाट बघतंय. म्हणून तांबी काढायचीय पण मूल नकोय, असं असेल तर काढायच्या आधी सात दिवस निरोध वापरा, किंवा पाळी चालू असताना काढून घ्या. हे काढणाऱ्यानं सांगायला हवं, पण दवाखान्यातल्या गर्दीत राहून जातं.

मग ताईचे तीन महिने? इथे थोडा हिशेब बघावा लागतो. तरुण, निरोगी जोडप्यानं काहीही न वापरता प्रयत्न केला, तरी एका महिन्यात शंभरातल्या वीस-पंचवीस जणींनाच दिवस राहतात. वर्षभरात ऐंशी-पंच्याऐंशी जणींना. तांबी काढलेल्या बायकांचं वर्षभराचं गणितही साधारण तेवढंच येतं, ऐंशीच्या वर. म्हणजे तीन महिन्यांत न राहणं हे तांबी कधीच न बसवलेल्या बाईच्याही बाबतीत अगदी रोजचं आहे. पिशवी बिशवी काही सुकत नाही.

पण सासूबाईंना ही भीती कुठून आली, हेही बघू या, कारण ती हवेतून आलेली नाही. १९६५ साली सरकारनं देशभर लिप्पीज लूप आणला. तो प्लॅस्टिकचा वळसेदार लूप होता, त्यात तांबंही नव्हतं. टार्गेट लावून भराभर बसवले गेले, आधी नीट तपासणी नाही, नंतर विचारपूस नाही. बायकांना रक्तस्राव झाला, पोटं दुखली, आणि काढून देणारं कुणी वेळेवर भेटलं नाही. आजही म्हातारी बाई तांबीला "लूप" म्हणते ती त्या काळाची आठवण. पुढे अमेरिकेत डॅल्कन शील्ड नावाचं एक साधन आलं. त्याचा धागा अनेक तंतूंचा होता, त्यातून जंतू वर चढायचे. त्यानं खरोखरच बायकांच्या नळ्या खराब झाल्या आणि १९७० च्या दशकात ते विक्रीतून काढावं लागलं. आजच्या तांबीचा धागा एकसंध असतो. पण बदनामी सगळ्यांच्याच वाट्याला आली.

मग तांबीनं नळ्या बंद होतात का, हे थेट तपासलं गेलं मेक्सिको शहरात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,८९५ बायका होत्या, आधी कधीही दिवस न राहिलेल्या. काहींच्या नळ्या बंद, काहींना मूल होत नव्हतं पण नळ्या मोकळ्या, आणि काही पहिल्यांदाच गरोदर. पूर्वी कुणी तांबी वापरली होती ते विचारलं, आणि रक्तात क्लॅमिडिया या जंतूच्या जुन्या खुणा शोधल्या. नळ्या बंद असण्याचा संबंध तांबीशी निघाला नाही. तो निघाला क्लॅमिडियाशी. हा संबंधातून पसरणारा जंतू आहे, आणि बऱ्याचदा बाईला काहीही त्रास न देता आत बसून राहतो.

हे वाचलं की मला आपल्या विदर्भातलाच एक अभ्यास आठवतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली ते लॅन्सेट या नियतकालिकात छापलं. त्यात ९२ टक्के बायकांना अंगावर काढलेलं काही ना काही स्त्रीरोगाचं दुखणं होतं, आणि त्यातली साधारण निम्मी दुखणी जंतुसंसर्गाची. आधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. हा आकडा वाशीमचा नाही आणि आजचाही नाही. पण पांढरं जाणं म्हणजे बाईच्या जातीला असतंच, असं म्हणून गप्प बसणाऱ्या घरांची संख्या मला तरी कमी झालेली दिसत नाही. आतमध्ये जंतू असताना तांबी बसवली, तर बसवतानाच ते वर ढकलले जाऊ शकतात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो बसवल्यावरच्या पहिल्या तीनेक आठवड्यांत, नंतर तो खाली येतो. म्हणून बसवण्याआधी तपासणी हवी, आणि पांढऱ्याला वास असेल, खालच्या पोटात दुखत असेल तर आधी औषध, मग तांबी. औषध नवऱ्यानंही घ्यायचं, नाहीतर तो जंतू परत येतो.

काढणं कसं असतं, याचीही भीती असते. भूल नाही, कापणं नाही. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स पिशवीच्या तोंडाशी असलेला धागा चिमट्यानं धरून हळू ओढते, टीचे दोन हात वर दुमडतात आणि ती निघते. एक-दोन मिनिटांचं काम, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत. महिन्याच्या कुठल्याही दिवशी काढता येते, आणि का काढायची याचं कारण पटवून द्यायची गरज नाही. तुम्हाला नको आहे, एवढं पुरे. धागा सापडला नाही तर घाबरायचं नाही, सोनोग्राफी करायची. बहुतेक वेळा धागा वर सरकलेला असतो, तांबी जागेवरच असते. "तांबी अंगात चढते, काळजापर्यंत जाते" हे मात्र सोडून द्या. पिशवीच्या भिंतीतून बाहेर जाणं घडतं, पण हजारात एखाद-दोघींच्या बाबतीत, आणि तेही जवळपास नेहमी बसवतानाच सुरू होतं.

आणि एक नक्की बघा, तांबी खरंच निघालीय ना. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही तांबी बसवतात. कळांच्या त्या गोंधळात कशावर सही घेतली हे सगळ्याच जणींच्या लक्षात राहत नाही. मूल होत नाही म्हणून उपचार सुरू झाले आणि सोनोग्राफीत जुनी तांबी दिसली, असंही घडतं. तुमचं बाळंतपणाचं कार्ड काढून त्यावर काही लिहिलंय का बघा.

तांबी आणि अंतरा इंजेक्शन यांची गल्लत करू नका. अंतरा तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं असतं आणि ते बीजच थांबवतं. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. शेजारणीला वेळ लागला म्हणून तांबीला दोष देण्याआधी, ती नेमकं काय वापरत होती ते विचारा. खासगीत मिळणारी हार्मोनची तांबी असेल तर पाळी नीट व्हायला थोडा वेळ जातो, पण वर्षभराचं गणित तिथेही जवळपास तेच.

मग ताईनं काळजी कधी करायची? पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर नियमित प्रयत्न करून. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फारच अनियमित असेल, किंवा नळ्यांचा जंतुसंसर्ग आधी झालेला असेल, तर तेवढंही थांबू नका. आणि पहिल्याच खेपेला नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. ती सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी तपासणी आहे, आणि तरी आपल्याकडे ती बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर, शेवटी, नाराजीनं होते.

पट्टी हवी असेल तर आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं किट मोफत असतं, मेडिकलमध्ये मागायचा संकोच वाटत असेल तर तिथून घ्या. वय १० ते १९ असेल तर सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक विचारा. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ हा नंबर आहे. आणि गर्भपाताबद्दल एक, १८ पूर्ण असलेल्या बाईच्या गर्भपाताला तिची एकटीची सही लागते, नवऱ्याची नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवायला दवाखाना कायद्यानं बांधलेला आहे.

पुढच्या भागात अंतरा आणि छाया गोळ्या, कारण त्यावर सत्तावीस प्रश्न आलेत आणि त्यातले अर्धे एकच आहेत.